मदत हवी आहे: गोष्टीतली म्हातारी प्रत्येक चित्रात बदलते

नमस्कार मंडळी, मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालोय, नातवंडांना रात्री गोष्ट सांगताना दाखवायला एआयवर चित्रं काढायला शिकतोय. सध्या 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' चालू आहे. आधी नुसतं भोपळा लिहिलं की नारिंगी, डोळे-दात कोरलेला परदेशी भोपळाच यायचा, 'चेहरा नको' लिहिलं तरी चेहरा यायचाच, मग 'नको' काढून 'हिरवट, गुळगुळीत सालीचा मोठा गोल भोपळा, मातीच्या रस्त्यावर' असं लिहिलं तेव्हा कुठे जमलं.

आता अडलंय ते म्हातारीवर. पहिल्या चित्रात हिरवं नऊवारी, पांढरा अंबाडा, हातात काठी, एकदम झकास आली, पण वाघाच्या चित्रात तीच पाचवारीत आणि चाळिशीची दिसते. नात लगेच म्हणाली, "आबा, ही ती आजी नाहीये!" वर्णन मी वहीत लिहून ठेवलंय, दर वेळी शब्दन् शब्द तेच टाकतो तरी चेहरा बदलतोच. पहिलं चित्र नमुना म्हणून सोबत जोडायचं का, आणि जोडलं तर फक्त चेहरा घे, मागचं घर नको, हे कसं लिहायचं? कोल्हा आणि अस्वल अजून बाकी आहेत, कुणी केलं असेल तर तुमचा प्रॉम्प्ट जसाच्या तसा टाका प्लीज.