मदत हवी आहे: सोयाबीनचे 4 लाख मेअखेरपर्यंत लिक्विड फंडात ठेवावेत का?

जिंतूरकर: वडिलांच्या ग्रामीण बँकेतल्या बचत खात्यात 4 लाख पडून आहेत. दीड लाख मार्चअखेर बहिणीच्या लातूरच्या क्लासची फी, अडीच लाख मेअखेर बी-खत आणि मजुरीला. फंडाचं खातं माझ्या नावावर आहे. वडिलांच्या बँकेतून थेट त्यात पैसे भरले तर चालेल का?

गोदाकाठ: टाका बिनधास्त. तोटा होतच नाही, आणि विकले की अर्ध्या तासात पैसे खात्यात.

बांधावरून: गोदाकाठ भाऊ, अर्ध्या तासाची सोय सगळ्या फंडांत नसते. असली तरी एका योजनेतून दिवसाला 50 हजार किंवा शिलकीच्या 90 टक्के, यात जे कमी ते. दीड लाख एकदम हवे तर नेहमीच्या मार्गाने काढावे लागतात. दुपारी 3 च्या आत विक्री टाकली की पैसे पुढच्या कामाच्या दिवशी येतात. शुक्रवारी 3 नंतर टाकली तर थेट मंगळवार. 1 एप्रिलला बँकांचं वार्षिक खातेबंदीचं काम असतं, म्हणून फीच्या तारखेच्या चार-पाच कामाचे दिवस आधीच विका.

तोट्याचं म्हणाल तर 2018 मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्त कंपनीने पैसे थकवले तेव्हा त्यांचे रोखे धरून बसलेल्या लिक्विड फंडांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, खाली आली होती. त्यामुळे फंडाने पैसे कशात गुंतवलेत त्याची महिन्याची यादी उघडून बघा, ट्रेझरी बिलं आणि मोठ्या बँकांचेच कागद जास्त आहेत का ते. इतरांपेक्षा अर्धा टक्का जास्त देणारा फंड या पैशासाठी नको.

जिंतूरकर, वडिलांच्या बँकेतून तुमच्या फोलिओत, म्हणजे फंडाच्या खात्यात, भरलेले पैसे परत येतील. ज्याचा फोलिओ, त्याच्याच खात्यातून पैसे लागतात. वडिलांच्याच नावाने केवायसी करून डायरेक्ट प्लॅन घ्या. पैसे दुपारी दीडच्या आत फंडाकडे पोचले तर आदल्या दिवसाची एनएव्ही मिळते. शुक्रवारी दीड टळला की शनिवार-रविवारचं व्याजही बुडालं, म्हणून एनईएफटी सकाळीच करा.

जिंतूरकर: पण फायदा किती?

बांधावरून: फंडाने वर्षाला 6 टक्के दिले असं धरू. अडीच लाखांवर चार महिन्यांत 5,000 होतात. बचत खात्यात अडीच टक्क्यांनी साधारण 2,080. नफा वडिलांच्या उत्पन्नात धरून त्यांच्या स्लॅबनुसार कर. सात दिवसांच्या आत काढलं तरच एक्झिट लोड म्हणून किरकोळ कपात. दीड लाखांवर अडीच महिन्यांत हजार-अकराशेचाच फरक, तेवढ्यासाठी केवायसीची धावपळ करायची का ते तुम्ही ठरवा.

शेतकरीण_सेलू: आमचं पीककर्ज मार्चअखेर भरावं लागतं, वेळेत भरलं तरच व्याजाची सवलत. तुमच्या वडिलांचं आहे का? असेल तर त्याचे पैसे फंडात घालूच नका.

जिंतूरकर: आहे ताई, तारीख बँकेत विचारतो. केवायसीत वडिलांचं नाव आधारवर एक आणि पासबुकावर थोडं वेगळं आहे, त्याने अडेल का?

बांधावरून: अडेल. खाते पडताळणीत नाव जुळलं नाही की खरेदी नाकारतात. आधी पासबुकावरचं नाव पॅनप्रमाणे करून घ्या.

गोदाकाठ: मग 91 दिवसांची एफडी सोपी नाही का?

बांधावरून: दीड लाखांसाठी असेलही. व्याजदर आणि मुदतीआधी मोडल्यावरची कपात बँकेत विचारा, मग बोलू.