भाड्याच्या फ्लॅटमधल्या टीव्हीला नवा रिमोट जोडायचाय, माईक चालंना

लातूरची_भाडेकरू: औसा रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. टीव्ही मालकांचा, ४३ इंची, अँड्रॉइडवाला. जुना रिमोट आधीच्या भाडेकरूकडून हरवला. गंजगोलाईतून नवा आणला. चालू-बंद आणि आवाज होतो, पण माईकचं बटण दाबलं की काहीच होत नाही. रिमोट खराब आहे का, की काही जोडावं लागतं? मालक पुण्यात असतात, त्यांना विचारून उपयोग झाला नाही.

परभणीकर_७७: ताई, सरळ फॅक्टरी रीसेट मारा. सगळं नव्यानं सुरू होतं आणि टीव्ही पहिल्याच स्क्रीनवर रिमोट जोडायला सांगतो.

जुना_मेकॅनिक: रीसेटनंतर ती स्क्रीन येते, हे खरंय. पण सध्या रीसेट करू नका. मालकांचं खातं आणि ॲप्स जातील, वायफाय परत टाकावं लागेल, आणि रिमोट जोडलाच गेला नाही तर त्या पहिल्या स्क्रीनवरच अडकून बसाल.

आधी झालंय काय ते बघू. चालू-बंद आणि आवाज इन्फ्रारेडनं जातो, त्याला जोडणी लागत नाही. माईक मात्र ब्लूटूथवर चालतो. म्हणजे रिमोट खराब असेलच असं नाही, तो टीव्हीशी जोडलेला नसेल.

जोडण्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. नव्या रिमोटची बाणाची बटणं चालत असतील तर त्यांनीच जा. नसतील तर कॉम्प्युटरचा साधा यूएसबी माउस टीव्हीच्या मागच्या पोर्टला लावा, पडद्यावर बाण दिसेल. फोनचं रिमोट ॲप इथं बऱ्याचदा उपयोगी पडत नाही, कारण टीव्ही आणि फोन एकाच वायफायवर हवेत, आणि टीव्हीत अजून आधीच्या भाडेकरूचंच वायफाय असतं.

होम स्क्रीनवर वर उजवीकडे गिअरचं चिन्ह असतं. तिथून असं जा:

```
Settings > Remotes & Accessories > Add accessory
```

काही मॉडेलमध्ये नावं थोडी वेगळी असतात. यादीत हरवलेला रिमोट दिसला तर तो आधी काढून टाका, नाहीतर दोन सारख्या नावांत गोंधळ होतो. मग रिमोटमध्ये नवे दोन सेल टाका. एक जुना, एक नवा असं करू नका. सेल उतरलेले असले की जोडणी मधेच तुटते. रिमोट टीव्हीपासून हातभर अंतरावर धरा आणि पडद्यावर सांगितलेली दोन बटणं एकदम दाबून ठेवा. बऱ्याच रिमोटना होम आणि बॅक लागतात. लाईट लुकलुकायला लागली की सोडा. यादीत नाव आलं की त्यावर क्लिक करा.

नांदेडची_सून: आमच्याकडं डिशच्या रिमोटला टीव्हीच्या रिमोटसमोर धरून एकेक बटण शिकवलं होतं. तसं नाही का करता येणार?

जुना_मेकॅनिक: ते वेगळं, ताई. तिथं एक रिमोट दुसऱ्याचा इशारा उचलतो, त्याला जुना चालू रिमोट समोर लागतो. इथं तो हरवलाय. आणि त्या पद्धतीनं माईक येतच नाही.

लातूरची_भाडेकरू: शेजाऱ्यांकडून माउस आणला, सेटिंगपर्यंत पोचले. जुना रिमोट यादीतून काढला. नवे सेल टाकून होम-बॅक तीनदा दाबून बघितलं. लाईट एकदाच चमकते, लुकलुकत नाही. यादी रिकामीच.

जुना_मेकॅनिक: मग रिमोटमध्ये ब्लूटूथ आहे का तेच बघा. फोनमध्ये ब्लूटूथची यादी उघडा आणि रिमोटची तीच दोन बटणं दाबून ठेवा. फोनला नवं नाव दिसलं तर रिमोट ठीक, अडचण टीव्हीकडं. दिसलं तरी फोनला जोडू मात्र नका, नाहीतर टीव्हीला पुन्हा सापडायचा नाही. काहीच दिसलं नाही तर बहुधा तो नुसता इन्फ्रारेडचा आहे. माईकचं बटण छापलेलं असतं, आत काही नसतं. असे रिमोट बाजारात पुष्कळ मिळतात.

लातूरची_भाडेकरू: फोनमध्ये शेजाऱ्यांचा स्पीकर दिसला, रिमोट नाही.

जुना_मेकॅनिक: मग वेळ घालवू नका, बदलून घ्या. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल नंबरचा फोटो दाखवा आणि "व्हॉइसवाला, पेअर होणारा" असं स्पष्ट मागा. पैसे देण्याआधी दुकानातच फोनच्या यादीत नाव येतं का ते बघा.

परभणीकर_७७: रीसेटचं मागं घेतो. पण माईक नको असेल तर हाच रिमोट चालेल की?

जुना_मेकॅनिक: चालेल. फक्त टीव्हीकडं रोखून धरावा लागेल आणि मधे काही आलं की काम करणार नाही.

लातूरची_भाडेकरू: सासूबाईंना टाइप करता येत नाही, त्या बोलूनच गाणी लावतात. बदलूनच आणते. पण जोडणारा रिमोट महाग पडणार, त्याचे पैसे मालकांनी द्यायचे की आम्ही?

नांदेडची_सून: करारासोबत सामानाची यादी असेल ना, त्यात रिमोट लिहिलाय का बघा.

लातूरची_भाडेकरू: "टीव्ही १ नग" एवढंच लिहिलंय.