शब्दचर्चा : ‘माहेरवाशिणीगत आली पंचगंगा’ – उपमा, रूपक की चेतनगुणोक्ती?

घाटपायरी (शुक्रवार पेठ, कोल्हापूर) :
माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शिकवणीतील बाईंनी सरावासाठी स्वतः चार ओळी रचून दिल्या आणि प्रत्येक ओळीतील अलंकार ओळखण्यास सांगितले.

माहेरवाशिणीगत आली पंचगंगा आषाढात,
पायऱ्या घाटाच्या मोजी एक-एक ती मनात;
कानी दीपमाळेच्या काही पुटपुटून जाई,
गढूळ पाणी तिचे लुगडे आणि पूर तिची घाई.

मुलीने पहिल्या तिन्ही ओळींना चेतनगुणोक्ती म्हटले आणि चौथीला उपमा. पहिली आणि चौथी ओळ चूक ठरली. तिचे म्हणणे असे की, पहिल्या ओळीतही नदीला बाईच केले आहे, मग ती चेतनगुणोक्ती का नाही? मला याचे नीट उत्तर देता आले नाही. शिवाय ‘गत’ हा आपल्या बोलण्यातला शब्द, ‘येड्यागत काय करतोस’ यातला. तो अलंकाराची खूण म्हणून धरला जातो का?

टेंबलाई :
यात अवघड काही नाही. सारखा, समान, जसा, परी, प्रमाणे, गत, वाणी, जणू यांपैकी कोणताही शब्द दिसला की उपमा, यांपैकी काहीच नसेल तर रूपक, आणि निर्जीव वस्तू बोलू-चालू लागली तर चेतनगुणोक्ती. आम्ही शाळेत ही शब्दांची यादी पाठ केली होती आणि तिच्यावर सगळे गुण मिळवले होते.

जुनी वही (निवृत्त मराठी शिक्षिका, शाहूपुरी) :
यादी उपयोगाची आहे, परंतु तिच्यावर विसंबून मुले कशी चुकतात ते मी अनेक वर्षे उत्तरपत्रिकांत पाहिले आहे. ‘पाऊस सारखा पडत होता’ या वाक्यात ‘सारखा’ आहे, पण तुलना नाही. तेथे त्याचा अर्थ ‘न थांबता’ असा आहे. ‘ठरल्याप्रमाणे गाडी सुटली’ यात ‘प्रमाणे’ आहे, ‘त्याची काय गत झाली’ यात ‘गत’ आहे, आणि जुन्या कवितेतील ‘परी’ पुष्कळदा ‘पण’ या अर्थाने येतो. शिवाय ‘जणू’ या यादीत बसत नाही. ‘जणू’मध्ये एक वस्तू दुसरीच असावी अशी कल्पना केलेली असते, म्हणून आपल्याकडे त्याला उत्प्रेक्षा म्हणतात. शब्द सापडल्यावर एवढेच विचारावे : कशाची तुलना, आणि कशाशी? दोन्ही बाजूंना नाम मिळाले तरच पुढे जावे.

आता मुलीची शंका. ती रास्त आहे, कारण पहिल्या ओळीत नदी खरोखरच बाईसारखी दिसते. परंतु ओळीतील क्रियापद पाहा : ‘आली’. नदीला पाणी येते, पूर येतो, पाऊसही येतो. हे क्रियापद माणसाची मिरास नाही. नदीत बाईपण आले ते क्रियापदामुळे नव्हे, तर ‘माहेरवाशीण’ हे नाम शेजारी ठेवल्यामुळे, आणि त्या दोन नामांना ‘गत’ने जोडले आहे. म्हणून ती उपमा. ‘गत’ बोलीतला असला तरी कवितेत तो ‘प्रमाणे’चेच काम करतो, आणि तो उपमेची खूण म्हणून धरला जातो.

दुसऱ्या ओळीत नदीशेजारी ठेवलेले असे कोणते नाम आहे का? नाही. नदी ‘मनात मोजते’, एवढेच आहे. बाई, मूल, कारकून, कोणाचेही नाव नाही. माणूस केवळ क्रियापदात दडलेला आहे. ही चेतनगुणोक्ती. तिसऱ्या ओळीत नदी पुटपुटते आणि दीपमाळेलाही कान दिले आहेत, म्हणजे तेथे दोघींना सजीव केले आहे. चौथ्या ओळीत पुन्हा नाम मिळते : पाणी आणि लुगडे. मध्ये सारखे, गत असे काहीच नाही. पाणी हेच लुगडे, असा अभेद आहे. म्हणून रूपक. माझ्या वर्गात मी इतकेच सांगत असे : आधी दुसरे नाम शोधा, ते नसेल तर क्रियापद पाहा.

ऊसमळा (शिरोळ तालुका) :
मी शेतकरी आहे, प्रश्न वेगळाच पडला. आम्ही उसाच्या कांडीवरच्या कोंबाला ‘डोळा’ म्हणतो. लावणीला दोन डोळ्यांचे टिपरे घेतो आणि डोळा फुगीर, ताजा आहे की नाही हे पाहतो. तुमच्या नियमाने उसाला डोळा दिला म्हणजे ती चेतनगुणोक्ती झाली. मग आम्ही शेतकरी दिवसभर अलंकारच बोलतो का? आणि आमच्या मळ्यातली माणसे ‘वाणी’ऐवजी ‘वानी’ म्हणतात, ते पेपरात चालते का?

जुनी वही :
कधीतरी कोणीतरी कोंबाला डोळा म्हटले तेव्हा ती कल्पनाच असेल, पण आज तो शब्द वस्तूचे साधे नाव आहे. टिपरे निवडताना कोणाच्याही मनात माणसाचा डोळा येत नाही, म्हणून तेथे अलंकार मानत नाहीत. ‘घड्याळ चालते’, ‘वारा सुटला’ हेही तसेच. परंतु कवीने ‘रात्रभर उसाचे डोळे पावसाची वाट पाहत राहिले’ असे लिहिले, तर वाट पाहण्याने तो निजलेला डोळा पुन्हा उघडतो आणि ती चेतनगुणोक्ती होते. ‘वानी’बद्दल : मूळ ओळीत असेल तर तसाच उतरवावा, स्वतःच्या उत्तरात मात्र प्रमाण रूप लिहावे.

टेंबलाई :
‘जणू’बाबत माझी चूक होती, मान्य आहे. पण एक अडचण उरते. ‘हा गूळ त्या गुळासारखा पिवळा आहे’ यात दोन्ही बाजूंना नाम आहे, मध्ये ‘सारखा’ आहे, साम्यही सांगितले आहे. तरी ही उपमा वाटत नाही.

जुनी वही :
बरोबर आहे, ती उपमा नाही. गुळाची गुळाशी तुलना म्हणजे केवळ मापन आहे. वेगळ्या जातीच्या दोन वस्तूंत कवीला साम्य दिसले आणि त्याने वाचकाला सुखद धक्का बसला, तर अलंकार. पंचगंगेची माहेरवाशीण कोठून सुचली ते पाहा : आषाढात नवी सून माहेरी जाते आणि आषाढातच नदीला पाणी येते. महिना एक असल्यामुळे ते साम्य जुळले आहे. परीक्षेत ‘उपमा’ एवढेच लिहून मुलांनी थांबू नये; दोन्ही वस्तू आणि त्यांना जोडणारा गुण लिहिला की उत्तर पूर्ण होते.

घाटपायरी :
मुलीला हे वाचून दाखवले. तिने चौथ्या ओळीत अर्धे रूपक मान्य केले, पण ‘पूर तिची घाई’ यावर ती अडली. पूर आणि घाई यांत साम्य काय, असे तिने विचारले.

जुनी वही :
मुलगी नेमके अवघड ठिकाणी थांबली आहे. नाम शेजारी आहे, जोडणारा शब्द नाही, म्हणून मांडणी रूपकाची आहे. परंतु पूर घाईसारखा दिसत नाही. नदीने घाई केली म्हणून पूर आला, असा कारण-परिणामाचा धागा तेथे आहे, आणि घाई करणे हा माणसाचा धर्म आहे. मी हे अर्धचरण चेतनगुणोक्तीत घालीन.

टेंबलाई :
मी रूपकच म्हणेन. ‘पाणी लुगडे’ आणि ‘पूर घाई’ ही दोन्ही वाक्ये एकाच साच्यात बसवली आहेत, आणि पहिल्याचे नाव रूपक असेल तर दुसऱ्याचे वेगळे का, हे नववीच्या मुलाला पटवणे कठीण आहे.

जुनी वही :
साचा एक असतो, पण अलंकार अर्थावरून ठरतो, असे मला वाटते. तपासणाऱ्याने या अर्धचरणाला कारणासह दिलेले कोणतेही उत्तर स्वीकारावे. मुलीने बाईंना विचारून पाहावे. ओळ त्यांची आहे, लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय होते हे त्या सांगू शकतील.