चौथा पट्टा गेला, तर स्लिट खराब?

जर्नलग्रस्त (विश्रामबाग, सांगली)
बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला डबल स्लिट होती. लेसर 650 नॅनोमीटरचा, भिंत 3 मीटरवर. स्लिटवर लिहिलेलं: रुंदी 0.05 मिमी, मधली काळी पट्टी 0.15 मिमी. हिशेबाने तिसरा पट्टा गायब व्हायला हवा, झाला चौथा. म्हणजे स्लिटच खराब. त्यात सर फळाभर फुरियर लिहीत बसले. पथफरक काढला की काम भागतं, बाकी सगळा शो.

कृष्णाकाठ
दोन वाक्यांत स्लिट बनवणाऱ्याला आणि सरांना, दोघांनाही आरोपी करून मोकळा झालास. एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं.

काळी पट्टी म्हणजे d नाही रे. d एका फटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजायचं. 0.15 मध्ये दोन्हीकडची अर्धी अर्धी फट मिळव, 0.20 येतात. भागिले 0.05, चार. चौथाच जायला हवा होता आणि तोच गेला. स्लिट उत्तम आहे.

आता पथफरकाचं. त्याने पट्ट्यांमधलं अंतर मिळतं, 9.75 मिमी. पण तो हिशेब सांगतो की सगळे पट्टे सारखेच उजळ, भिंत संपेपर्यंत. चौथा का गेला, हे तो कधीच सांगणार नाही, कारण त्याच्या लेखी फटीला रुंदीच नाही. सर लिहीत होते ते एवढंच: एका फटीचा चौकोनी पल्स घ्या, त्याचा ट्रान्सफॉर्म सिंक. तोच पल्स अर्धा d डावीकडे आणि अर्धा d उजवीकडे सरकवा. सरकवल्याने सिंक जागचा हलत नाही, त्याला फक्त फेज चिकटते, एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे. बेरीज केली की दोन फेजांचा कोसाइन होतो आणि सिंक कॉमन बाहेर येतो.

```
I = 4a² · sinc²(af) · cos²(πdf),   f = sinθ/λ
```

इथे I म्हणजे उजेड, a फटीची रुंदी आणि sinc(x) म्हणजे sin(πx)/(πx). सिंक पहिल्यांदा शून्य होतो 39 मिमीवर. चौथा पट्टाही 39 वरच. पट्टा यायच्या जागी प्रकाशच नाही. फळा भरला असेल, पण इंटिग्रल एकच आहे.

हळदबाजार
कृष्णाकाठ, गुणाकार छान दिसतो, पण एक गोष्ट गिळून टाकलीत. फटी दोन, दोन वेगळ्या जागी. मग त्यांचे प्रकाशाचे डागही भिंतीवर दोन जागी पडणार, थोडे सरकलेले. सामायिक एन्व्हलप आणला कुठून? मी पंधरा वर्षं क्लास घेतो, पोरं हेच विचारतात आणि वहीतलं सूत्र त्यांना गप्प करतं.

कृष्णाकाठ
पंधरा वर्षांत एकदा तरी एक फट ब्लेडने झाकून बघायची होती. डाग जागचा हलत नाही, फक्त रेघा पुसल्या जातात. फार तर 0.2 मिमी सरकेल, आणि डागाचा मधला भाग 78 मिमी रुंद आहे. कुणाला दिसणार ते? आणि एक फट झाकल्यावर मधोमधचा उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. हेही पोरांना दाखवा.

हां, भिंत स्लिटपासून बोटभर अंतरावर धरली तर तुमचं खरं आहे. दोन्ही फटी मिळून 0.25 मिमी. त्याचा वर्ग भागिले लहरलांबी, सुमारे 10 सेमी. त्याच्या कितीतरी पलीकडे गेल्यावरच हा ट्रान्सफॉर्म लागू. 3 मीटर म्हणजे भरपूर.

डॉल्बीवाला_मिरज
मला यातलं लई कळत न्हाई, पण आमचं रोजचंच हाय हे. मिरवणुकीत दोन बेस चार मीटरवर ठिवलं की मधोमध छाती हादरती, अन् जरा बाजूला गेलं की आवाज पार बसतो. गिऱ्हाईक म्हणतंय बॉक्स खराब. बॉक्स चांगला अस्तोय.

कृष्णाकाठ
भाऊ, तुम्हाला कळत नाही असं कोण म्हणतं? 100 हर्ट्झची लहर साधारण 3.4 मीटरची. चार मीटर अंतर असलं की पहिला पडका पट्टा 25 अंशांवर. म्हणजे गाडीपुढे दहा मीटर गेल्यावर साधारण पावणेपाच मीटर बाजूला. पण तुमच्याकडे एन्व्हलप दिसणार नाही. बॉक्सचं तोंड लहरीच्या मानाने एवढंसं, त्याचा सिंक शून्यावर येतच नाही.

शांतताप्रेमी_सातारा
दहा मीटर गाडीपुढे कोण उभं राहतं हो? आमच्या गल्लीत आजारी माणूस होता, खिडकीची तावदानं थरथरत होती. तुमचा पडका पट्टा आमच्या घरावर का नाही पडला?

डॉल्बीवाला_मिरज
ऑर्डर मंडळ देतंय, नाचतंय गाव, अन् शिव्या आमाला! बंदीच्या काळात हप्ता कोण भरणार गाडीचा? तुमी?

शांतताप्रेमी_सातारा
हप्ता तुमचा, कान आमचे. वा.

हळदबाजार
पडका पट्टा एकाच सुराचा असतो. गाण्यात सगळे सूर, प्रत्येकाचा पट्टा वेगळ्या जागी, घर कोणतंच सुटत नाही. डॉल्बीसाठी नवा धागा काढा.

शांतताप्रेमी_सातारा
काढतो. आणि तिथे आवाज मोजायचं मशीन घेऊन येतो.

जर्नलग्रस्त
माझ्या धाग्यावर मिरवणूक काढलीत, थांबली असेल तर विचारतो. d चं मानलं, आधी कुणी एवढं सांगितलं असतं तर पोस्टच टाकली नसती. पण मी तिसरा पट्टा 28 मिमीवर मोजला. सूत्राने 29.25. बाहेरच्या परीक्षकांनी "रीडिंग चुकलंय" म्हणून गुण कापले.

हळदबाजार
मोजपट्टीचा दोष. कोसाइनचा कमाल बिंदू 29.25 वरच असतो, यात वादच नाही.

कृष्णाकाठ
कोसाइनचा असतो. भिंतीवर कोसाइन कुठाय, गुणाकार आहे. तिसऱ्या पट्ट्याजवळ सिंक वेगाने उतरतोय, त्यामुळे गुणाकाराचा माथा आत सरकतो. इथे जवळपास 1 मिमी, म्हणजे 28.3. पोराचं रीडिंग बरोबर होतं. अंतर काढायचं तर काळ्या रेषा मोजाव्यात: 4.9, 14.6, 24.4, 34.1. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, त्या सरकत नाहीत.

हळदबाजार
बरं बाबा, 28.3. पुढच्या बॅचला सांगतो, फी तुम्हाला पाठवू का?

जर्नलग्रस्त
आणि चौथ्यानंतर पाचवा दिसला, पण सहावा त्याहून ठळक. हे पण माझंच चुकलं?

कृष्णाकाठ
नाही. मधल्याला 100 धर: पहिला 81, दुसरा 41, तिसरा 9, चौथा 0, पाचवा 3, सहावा साडेचार. सिंकची बाजूची टेकडी तिथे चढतीय. तिसऱ्याच्या आकड्यात मघाचं सरकणं धरलेलं नाही.

जर्नलग्रस्त
शेवटचं. माझ्या काळ्या रेषा काळ्या नाहीत, राखाडी आहेत.

हळदबाजार
लेसरची सुसंगती कमी. स्वस्त पॉइंटर.

कृष्णाकाठ
इतक्या लहान पथफरकाला पॉइंटर पुरतो. मला वाटतं लेसरचा ठिपका एका फटीवर जास्त पडत होता. किंवा खोलीत उजेड होता. 39 मिमीची जागा बघ. तीही तेवढीच राखाडी असेल तर खोलीचा उजेड. ती काळीकुट्ट आणि फक्त रेघा राखाडी असतील तर ठिपका नीट मधोमध नाही.

हळदबाजार
किंवा दोन फटींची रुंदीच वेगळी. मग तुमचा सिंक कॉमनमधून बाहेरच येत नाही.

कृष्णाकाठ
तेही होऊ शकतं. फोटो असेल तर टाक.

जर्नलग्रस्त
फोटो मोबाईलवर काढलाय, मधला भाग पांढराफटक जळलाय. 39 ची जागा दिसते, पण काळी की राखाडी, खाली दोघांनी दोन उत्तरं दिली आहेत.