‘हात झटकले’ की ‘हात वर केले’?

मीनल: मुलीच्या सातवीच्या स्वाध्यायातलं वाक्य: ‘नव्या पुलाला तडे गेल्यावर कंत्राटदाराने ______.’ पर्याय चार: हात टेकले, हात वर केले, हात झटकले, हात आखडता घेतला. तिने ‘हात वर केले’ लिहिलं, तर चूक दिलं. मला ‘झटकले’ आणि ‘वर केले’ दोन्ही बरोबर वाटतात. कुणी उलगडून सांगाल का?

विलास: चौघांचा अर्थ शेवटी एकच, माघार घेणे. एवढा कीस कशाला काढायचा?

शरद देसाई: विलासराव, माघार चारही ठिकाणी आहे हे खरं, पण ती कशातून घेतली हे प्रत्येकात वेगळं आहे. ‘हात टेकणे’ म्हणजे सगळे उपाय करून थकल्यावर हार मानणे. म्हणून त्याच्या आधी बहुधा ‘पुढे’ येतं: ‘नातवाच्या हट्टापुढे आजोबांनी हात टेकले.’ ‘हात आखडता घेणे’ म्हणजे ऐपत असूनही देताना, खर्च करताना कमी करणे. इथे देणं पूर्ण थांबत नाही, आटतं. पुलाच्या वाक्यात हे दोन्ही बसत नाहीत. ‘हात झटकणे’ म्हणजे ‘याच्याशी माझा संबंध नाही’ असं म्हणून जबाबदारीतून मोकळं होणे. आणि ‘हात वर करणे’ म्हणजे ज्याच्यावर भिस्त होती त्याने ऐन वेळी ‘माझ्याच्याने होणार नाही’ म्हणणे.

रेखा: आमच्याकडे पोलिसांच्या हातावर तुरी देऊन चोर पळाला, असं सर्रास म्हणतात. तेही या यादीत घाला ना.

शरद देसाई: रेखाताई, ते फसवून निसटणं झालं. पर्यायांत असतं तर मुलांनी लगेच बाजूला काढलं असतं. इथे अडचण जवळजवळच्या दोन अर्थांची आहे, आणि दोष वाक्याचा आहे. तडे गेल्यावर कंत्राटदार काय म्हणाला, तेच दिलेलं नाही. ‘देखभालीचं काम आमच्याकडे नव्हतंच, असे सांगून कंत्राटदाराने...’ असं असतं, तर ‘झटकले’ हेच उत्तर. ‘दुरुस्तीला पैसेच उरले नाहीत, असे सांगून...’ असं असतं, तर ‘वर केले’. स्वाध्याय तयार करणाऱ्याने हा अर्धा भाग द्यायलाच हवा होता. मुलीला गुण मिळायला हवा.

अनघा: मी वर्गात हेच शिकवते. मुलं ‘हात वर करणे’ म्हणजे उत्तर येतंय असं दाखवणे, असा सरळ अर्थ घेतात. म्हणून मी रिकाम्या जागेसोबत ‘तो असं का वागला ते एका ओळीत लिहा’ असंही विचारते. मग अर्थ कळलाय की अंदाजाने खूण केली, ते लगेच दिसतं.

विलास: बरं, पटलं. पण ‘हॉस्पिटलचं बिल पाहून धाकट्या भावाने हात वर केले’ यात पैसे नाहीत की जबाबदारी नको?

अनघा: मी ‘पैसे नाहीत’ म्हणेन.

मीनल: आमच्या घरी तर ‘जबाबदारी नको’ असाच अर्थ घेतील.