सासूबाईंना लिहिलेलं पत्र : तुमचा अनुभव सांगा

सक्करदऱ्याची सून

मागच्या एप्रिलमध्ये मी सासूबाईंना पत्र लिहिलं. एकाच घरात, भिंतीपलीकडच्या माणसाला. कुणी असं पत्र लिहिलं असेल, किंवा कुणाला आलं असेल, तर सविस्तर सांगा. आधी माझं सांगते.

घरात आम्ही पाच जण. वर्षाचा गहू आणि तिखट आई उन्हाळ्यात भरतात. गहू तीन क्विंटल, मिरची पाच किलो. मिरची त्या इतवारीच्या बाजारात स्वतः निवडतात. एक उचलून मोडतात, कडकन मोडली तरच घ्यायची, वाकली तर ओल आहे. मग गच्चीवर वाळवण, देठं खुडणं, कांडप. मागच्या वर्षी त्यांचा गुडघा फार दुखत होता, म्हणून मी न विचारता पिठाच्या थैल्या आणि तिखटाची पाकिटं मागवून टाकली. आई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी गव्हाची कोठी धुतली, उन्हात वाळवली आणि मागच्या खोलीत पालथी घालून ठेवली. त्यानंतर नऊ दिवस आमचं बोलणं ह्यांच्यामार्फत. "तिला सांग, दूध आलं."

पहिलं पत्र चार पानांचं झालं. त्यात फ्रिज आला, कामवाली आली, मुलीच्या परीक्षेच्या वेळी आलेले पाहुणे आले. रात्री वाचलं तर ते सगळं गाऱ्हाणं होतं. फाडलं. शेवटी एका पानाचं लिहिलं, फक्त धान्याबद्दल:

"ती. आई, सा. न.
पीठ आणि तिखट मी तुम्हाला न विचारता मागवलं. तुमचा गुडघा दुखतो हे खरं, पण विचारायला दोन मिनिटं लागली असती, तेवढीही मी थांबले नाही. कोठी पालथी दिसली तेव्हा कळलं, तुमच्या हातचं काम मी परस्पर काढून घेतलं. यंदा मिरची तुम्हीच निवडा. मी गाडीवर नेईन, पिशव्या उचलीन, देठं दोघी मिळून खुडू. गहू मात्र दीड क्विंटलच घ्यावा असं मला वाटतं. मागचा भादव्यात किडला आणि निवडण्यात चार रविवार गेले. पटत नसेल तर सांगा. मुलीच्या डब्याची भाजी मला ठरवू द्या, सकाळी घाईत विचारणं होत नाही आणि मग तुम्हाला वाटतं मी टाळते. दिवाळीनंतर दोघी बसून बघू कसं जमलं."

दुपारी त्या झोपून उठल्यावर चहाबरोबर चष्म्याच्या डबीशेजारी ठेवलं आणि मी खोलीबाहेर आले. ह्यांना दाखवलं नव्हतं. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी भांडी लावता लावता आई म्हणाल्या, "शनिवारी सुट्टी आहे ना तुला? ऊन चढायच्या आत जाऊन येऊ." गहू दोन क्विंटल आला. डब्याच्या भाजीवर मात्र अजूनही अधूनमधून वाजतं.

धरमपेठवाला

माझ्या बायकोनेही लिहिलं होतं. ते मीच जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. आई रडली, बायको रडली, प्रकरण मिटलं. माझ्या मते पत्र सगळ्यांसमोरच वाचावं, म्हणजे नंतर कुणी फिरवू शकत नाही.

निवृत्त समुपदेशक

धरमपेठवाल्यांना जमलं याचा आनंद आहे, पण माझ्या कामात मी याच्या उलटच जास्त पाहिलं. चारचौघांत वाचलं की सासूला लगेच उत्तर द्यावं लागतं, आणि माणूस अडकला की आपली बाजू मांडायला लागतो. एकटीने वाचलं तर ती दोन दिवस घेऊ शकते. इथे आई तिसऱ्या दिवशी बोलल्या, तो वेळ त्यांना हवाच होता. नवऱ्याला निरोप्या करू नये. तो एकदा मधे आला की प्रत्येक वाक्याला "हे त्याने शिकवलं का तिने" असा फाटा फुटतो.

या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वाटप. मिरची पूर्ण त्यांच्याकडे, डबा पूर्ण हिच्याकडे, आणि गव्हावर मत दिलं पण निर्णय मोकळा ठेवला. "आपण सगळं मिळून ठरवू" असं लिहिणाऱ्या सुना पुष्कळ भेटल्या. ते ऐकायला गोड, पण सकाळी सात वाजता भाजी कोणती ते कोण ठरवणार हे त्यातून कळत नाही, आणि भांडण तिथेच होतं. दिवाळीची मुदत घातली तेही बरं. कायमचं हातातून गेलं असं कुणालाच वाटत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. मारहाण, हुंड्याची मागणी, उपाशी ठेवणं, माहेरी बोलू न देणं असेल तिथे पत्र लिहीत बसू नका. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे आणि 181 ही महिला हेल्पलाइन आहे. तिथे समजुतीचं पत्र बाईलाच अडकवतं.

महालची आजी

मी सासू आहे. मले सुनेनं मोबाईलवर लिवून पाठवलं होतं. चष्मा नव्हता म्हणून मी नातवाले वाचाले दिलं. पोरगा दहा वर्षांचा. त्याच्या तोंडून "आई, तुम्ही मला स्वयंपाकघरात उभं राहू देत नाही" ऐकलं तेव्हा जमिनीत जावं वाटलं. गोष्ट खोटी नव्हती बाप्पा. पण त्या पोरानं काहून वाचावी? सुनेनं कागदावर मोठ्या अक्षरात लिवलं असतं तर मी दहादा वाचलं असतं. मी अजून तिले हे सांगितलं नाही.

नवीन संसार

गहू किडू नये म्हणून काय करायचं? आमचाही दर पावसाळ्यात किडतो.

सक्करदऱ्याची सून

कडक ऊन द्यायचं, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरायचा, मधे मधे सुकलेला कडुनिंबाचा पाला. गरम असताना भरला की आत घाम धरतो. आमचा तसाच बिघडला होता, मीच घाईत भरला होता. पत्रात तेवढं मात्र मी लिहिलं नाही, आता लिहिताना खुपतंय.

मानेवाड्याहून

माझा अनुभव कडू आहे. मी पत्रात मनापासून लिहिलं की चूक माझी झाली. कूलर काढून एसी लावायचा विषय होता, वीजबिल सासरे भरतात आणि मी त्यांनाही विचारलं नव्हतं. सासूबाईंनी पत्र जपून ठेवलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला दोन्ही नणंदा आल्या तेव्हा ते बाहेर निघालं. "बघा, तिनेच लिहून दिलं." आंबील वाढत होते मी, हात थरथरला. त्यानंतर कागदावर काही लिहायचं नाही असं ठरवलंय. समुपदेशक ताई, अशा वेळी काय करायला हवं होतं?

निवृत्त समुपदेशक

कबुली नेमक्या एका गोष्टीपुरती लिहावी. "एसीबद्दल मी विचारलं नाही" एवढंच. "चूक माझी" असं मोकळं वाक्य कुठेही लावता येतं. पण खरं सांगू, तुमच्या सासूबाईंनी जे केलं त्याला शब्द बदलून आळा बसला असता असं मला वाटत नाही. त्या पत्र वाचताना एकट्या होत्या का, का आधीच नणंदांशी फोनवर बोलणं झालं होतं?

मानेवाड्याहून

झालं होतं. मला ते नंतर कळलं.

महालची आजी

पोरी, माह्या दोन लेकी आहेत. फोन आला की सुनेचं सांगितल्याशिवाय मलेही राहवत नाही. आज रात्री धाकटीचा येईन.