मदत हवी आहे: 9 वर्षं बोललेली पोर्तुगीज तोंडातून बाहेरच येत नाही, 5 आठवडे हातात

डिचोलीकरीण (10 नोव्हें., रात्री 10:42)
नमस्कार मंडळी, लवकर उत्तर द्या प्लीज. 20 डिसेंबरला लिस्बनहून आमच्या जुन्या घरमालकीण आणि त्यांची मुलगी आमच्याकडे राहायला येतायत, बाईंचं वय 78, इंग्लिश अजिबात येत नाही. काल फोन केला त्यांना आणि माझी पोर्तुगीज कुठे गेली तेच कळेना. बाई बोलतात ते सगळं समजतं, पण मी तोंड उघडलं की बंद. चमच्याला काय म्हणतात तेही आठवलं नाही, त्यांच्याच स्वयंपाकघरात नऊ वर्षं चमचे घासलेयत मी. फोन ठेवल्यावर रडू आलं. पाच आठवड्यांत परत येईल का, आणि काय करू? क्लास नको, नोकरी आहे.

काजूगर (11 नोव्हें., सकाळी 7:15)
ताई, पणजीला फोंताइन्यासमध्ये फुंदासांव ओरिएन्त ही पोर्तुगीज संस्था आहे, तिथे चौकशी करा, आणि कामोंइशचं भाषा केंद्रही पणजीतच आहे. माझ्या भाचीने पहिल्या लेव्हलपासून केलं, छान बोलते आता.

डिचोलीकरीण (11 नोव्हें., सकाळी 7:31)
क्लास नको असं लिहिलंय वर. आणि पहिल्या लेव्हलपासून कशाला, मला भाषा येते.

म्हापशेकर77 (11 नोव्हें., सकाळी 8:02)
पोर्तुगीज पासपोर्टसाठी हवीय का? तसं असेल तर आधी वडिलांचा जन्मदाखला काढा, एजंटच्या नादी लागू नका, आमच्या वाड्यावर दोघं फसलेत.

जुना_पणजीकर (11 नोव्हें., सकाळी 9:20)
बाय, घाबरू नकोस. एकदा आलेली भाषा जात नाही, सायकलसारखं असतं ते. माझे वडील पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकले, 61 ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर पोर्तुगीजचा संबंधच संपला. आज 83 वर्षांचे आहेत आणि कोणी पोर्तुगीज पाहुणा भेटला की एकही शब्द न अडखळता बोलतात. त्या बाई आल्या की आपोआप येईल, मुद्दाम काही करायची गरज नाही.

भाषावेडी (11 नोव्हें., दुपारी 1:10)
पणजीकर काका, 61 नंतर संबंध संपला म्हणजे नक्की काय हो? वाचतही नव्हते का?

ताई, तुम्हालाही काही विचारायचंय, कारण उत्तर त्यावर अवलंबून आहे. कितव्या वर्षी शिकलात? बोलणं बंद होऊन किती वर्षं झाली? मध्ये एखादी दुसरी परदेशी भाषा शिकलात का? आणि शब्द अडतो तेव्हा डोक्यात पूर्ण अंधार असतो, की दुसरंच काहीतरी पुढे येतं?

जुना_पणजीकर (11 नोव्हें., दुपारी 2:45)
वाचत होते तर. ओ एराल्दु पेपर 1983पर्यंत पोर्तुगीजमध्येच निघायचा, तो घरी रोज यायचा. आणि लिस्बनला काका होते, त्यांना पत्रं.

भाषावेडी (11 नोव्हें., दुपारी 3:05)
म्हणजे काका, त्यांची भाषा बंद कधी पडलीच नाही. ऐन विशी-चाळिशीत रोज वाचन, वर पत्र लिहायचं म्हणजे शब्द स्वतः शोधून काढायचे. त्यांचं उदाहरण ताईंना लागू होत नाही.

डिचोलीकरीण (11 नोव्हें., रात्री 11:20)
ड्यूटीवरून आत्ता आले. 2003 ला लग्न होऊन गेले तेव्हा 23 ची होते, 2012 ला परत आलो. भाषा तिथेच शिकले, बाईंच्या स्वयंपाकघरात आणि बेकरीत काम करताना. इथे आल्यावर कोणाशी बोलणार, मिस्टर तिकडेही कामावर इंग्लिशच बोलायचे. आणि हो, सहा वर्षं मोरजीला रिसॉर्टमध्ये आहे, तिथे रशियन पाहुणे, म्हणून कामापुरती रशियन शिकले, रोज बोलावी लागते. त्याचा काय संबंध? बाकी अंधार वगैरे नाही, चमच्याच्या जागी सरळ "लोश्का" आलं तोंडात. बाईंनी विचारलं जेवलीस का, तर मी "दा" म्हटलं.

भाषावेडी (12 नोव्हें., सकाळी 6:50)
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं ताई! संबंध आहे आणि मोठा आहे.

मी भाषाविज्ञान शिकवते, जे माहीत आहे ते सांगते. आपण "विसरलो" म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी झालेल्या असतात. एकात शब्द खरंच पुसट झालेला असतो. दुसऱ्यात शब्द जागेवर असतो पण वाट दुसऱ्याने अडवलेली असते. तुम्हाला ऐकून सगळं समजतं, म्हणजे बरंच काही जागेवर आहे. पण ऐकलेलं ओळखणं आणि रिकाम्यातून शब्द बाहेर काढणं या दोन कामांत दुसरं फार लवकर ढिलं पडतं. त्यात सहा वर्षं रोज "परदेशी शब्द हवा" असं झालं की तुम्ही रशियन काढता, त्यामुळे तोच आधी धावून येतो. मराठी शब्द न येता रशियन का येतो, याचंही उत्तर तेच. मोठेपणी शिकलेल्या दोन भाषा एकमेकींच्या वाटेत येतात, त्या एका कुळातल्या असायला हव्यात असं नाही.

किती गेलं असेल? बाहरिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1984 ला शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या 733 जणांना तपासलं होतं, कोणाला शिकून 50 वर्षं झालेली. गळती मुख्यतः पहिल्या तीन ते सहा वर्षांत दिसली, आणि जे उरलं ते पुढे 25-30 वर्षं जवळपास तसंच राहिलं. ती वर्गातली भाषा होती, तुमची स्वयंपाकघरातली, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लावू नका. पण मुळात जितकं पक्कं शिकलेलं तितकं जास्त उरलं, हेही त्यातच दिसलं, आणि ते तुमच्या बाजूचं आहे.

आता अंदाज नको, मोजून बघा. घरातल्या वस्तूंचे, रोजच्या क्रियांचे 40 शब्द मराठीत लिहा. प्रत्येकाला दहा सेकंद. आला तर पहिला ढीग. नाही आला तर पोर्तुगीज शब्द बघा, "अरे हो, हेच" वाटलं तर दुसरा ढीग, काहीच वाटलं नाही तर तिसरा. मग तिसऱ्या ढिगात कधीच न ऐकलेले तितकेच नवे शब्द मिसळा, साधारण तितक्याच लांबीचे, आणि सगळे एकत्र एकदाच पाठ करा. दुसऱ्या दिवशी न बघता किती येतात ते मोजा. जुने शब्द नव्यांपेक्षा जास्त टिकले, तर ते पुसले गेले नव्हते. पुन्हा शिकायला कमी कष्ट पडतात ही गोष्ट एबिंगहाउसने 1885 मध्येच स्वतःवर मोजून दाखवली होती.

जुना_पणजीकर (12 नोव्हें., सकाळी 9:05)
वडिलांचं मान्य. पण लहानपणी शिकलेली भाषा तरी जात नाही, हे मानाल की नाही?

भाषावेडी (12 नोव्हें., सकाळी 9:40)
उलट आहे काका. कोरियातून तीन ते आठ वर्षांची असताना फ्रान्सला दत्तक गेलेली मुलं मोठेपणी तपासली, 2003 चं संशोधन आहे. त्यांना कोरियन वाक्यं इतर अनोळखी भाषांतून वेगळी ओळखता आली नाहीत, मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दिसला नाही. लहान वयात भाषा पूर्ण तुटली तर ती जास्त जाते. बारा-तेरा वर्षांनंतर तुटली तर इतकी जात नाही.

जुना_पणजीकर (12 नोव्हें., सकाळी 10:15)
हे पटत नाही. एवढीशी पोरं, त्यांच्यात आधी पक्कं झालेलं तरी काय असणार?

भाषावेडी (12 नोव्हें., सकाळी 10:31)
आठ वर्षांचं मूल घडाघडा बोलतं हो. पण तुमच्या बाजूचं एक सांगते. नेदरलँड्सला गेलेल्या अशाच मुलांना मोठेपणी कोरियन आवाज शिकवले, तर ते त्यांनी इतर डच लोकांपेक्षा लवकर पकडले. म्हणजे तळाशी काहीतरी राहतं. ते नेमकं काय, यावर अजून वाद आहे.

काजूगर (12 नोव्हें., दुपारी 12:20)
चमच्याला कोंकणीत कुलेर म्हणतात की, तो पोर्तुगीजच शब्द. ताईंना शेजारीपाजारी रोज ऐकू येत असणार. गार्फ, जनेल, कदेल, मेज, सगळे तिकडचेच.

अंत्रुजी (12 नोव्हें., दुपारी 12:48)
आमच्याकडे कोणी कुलेर म्हणत नाही, चमचोच म्हणतात. सगळी कोंकणी सासष्टीची समजू नका.

काजूगर (12 नोव्हें., दुपारी 1:02)
सासष्टी गोव्यात नाही का? आणि तुमचा पगार आणि लिलाव कुठून आले ते बघा आधी.

अंत्रुजी (12 नोव्हें., दुपारी 1:10)
मराठीतल्या शब्दांचा इथे काय संबंध? 1987 चा राजभाषा कायदा झाला तेव्हापासून हेच चाललंय, विषय कुठलाही असो...

संपादक (12 नोव्हें., दुपारी 1:30)
राजभाषेसाठी वेगळा धागा आहे. इथे ताईंना मदत करा.

डिचोलीकरीण (15 नोव्हें., रात्री 11:05)
केलं. 40 पैकी 11 आले, 21 बघितल्यावर ओळखले, 8 कोरे. त्या आठात आठ नवे घातले, दुसऱ्या दिवशी जुन्यातले 6 आले, नव्यातले 2. कुल्येर तर आता मेले तरी विसरणार नाही. काजूगर, शेजारची मावशी खरंच कुलेर म्हणते, मी तेरा वर्षं ऐकतेय आणि एकदाही जोडलं नाही. पण शब्द आले तरी वाक्य होत नाही, काल गेले, केलं, आणलं, हे सगळं अडतं. आता पुढे काय? आणि रशियन बंद करू का? नोकरी आहे माझी.

भाषावेडी (16 नोव्हें., सकाळी 7:10)
6 विरुद्ध 2, आठच शब्द आहेत म्हणून फार ताणणार नाही, पण दिशा चांगली आहे. तुमचा मोठा ढीग दुसरा, 21 वाला. तिथे शब्द शिकायचे नाहीत, बाहेर काढायचे आहेत. त्यामुळे वही वाचत बसू नका. वस्तू हातात घ्या, आधी स्वतः म्हणा, दहा सेकंद थांबा, मगच बघा. बघून म्हटलेला शब्द ओळखीचा वाटतो, पण ओळख तुम्हाला आधीच आहे.

क्रियापदांचंही तसंच. रोज रात्री "काल मी" म्हणून पाच वाक्यं मोठ्याने, फुई, फिश, कोंप्रेई, म्हणजे गेले, केलं, विकत घेतलं, आदल्या दिवशी खरंच केलेल्या कामांची. बाईंशी रोज दोन वेळा जेवणावरच बोलणं होणार आहे, तर बाजार आणि स्वयंपाक आधी घ्या.

रशियन बंद करू नका. फक्त ड्यूटी संपल्या संपल्या पोर्तुगीज फोन नको, तेव्हा रशियन तापलेली असते. सुट्टीच्या दिवशी सकाळी करा, आधी अर्धा तास लिस्बनचा रेडिओ, आंतेना 1 नेटवर लागतो. आणि फोनवर शब्द अडला की पोर्तुगीजमध्येच वळसा घ्या, "ते, ज्याने सूप पितात ते". रशियन शब्द टाकून पुढे गेलात की त्याचीच वाट आणखी रुंद होते.

म्हापशेकर77 (16 नोव्हें., सकाळी 8:30)
रशियन येत असेल तर सोडू नका, सीझनला पैसे चांगले मिळतात. माझ्या पुतण्याला शिकायचीय, कुठे शिकलात?

डिचोलीकरीण (30 नोव्हें., सकाळी 11:50)
आज तिसरा रविवार. पहिल्या फोनला दहा मिनिटं घाम, मग सुटलं. आज बावीस मिनिटं बोलले, "दा" एकदाच. कढईचा शब्द आठवला नाही तर "ज्यात मासे तळतो ते" म्हटलं, बाई लगेच म्हणाल्या फ्रिजिदैरा, आणि तो त्यांच्या आवाजात ऐकला आणि त्यांचं ते ओट्यावरचं काळं फ्रिजिदैरा डोळ्यापुढे आलं, त्याच्या सैल दांडीसकट. त्या दांडीला सुतळी मीच बांधली होती. त्यानंतर त्या ओट्यावरचे पाच-सहा शब्द एकामागून एक आले, कोणी न विचारता.

एक मात्र अजून होत नाही. "तू आलीस तर बरं होईल" असं जर-तरचं बोलायला गेले की क्रियापदाचं रूप चुकतं, आणि आता चूक मला ऐकूही येते. हे लिस्बनला असताना तरी नीट येत होतं का, तेच आठवत नाही. बाईंना विचारलं तर म्हणतात, आम्हाला कळायचं.

भाषावेडी (30 नोव्हें., दुपारी 2:15)
ते बाईंच्या मुलीला विचारा, तिला कदाचित आठवत असेल. तेव्हाचं तुमचं एखादं पत्र किंवा मेसेज उरला असेल तर बघा. जे तेव्हाच आलं नव्हतं ते परत येणार नाही, ते नव्याने शिकावं लागेल, आणि ते 20 तारखेपर्यंत होणार नाही.

डिचोलीकरीण (30 नोव्हें., दुपारी 2:40)
ईमेल आहेत 2009 चे. रात्री ड्यूटीवरून आले की काढते.